गच्चीवरचे चार पाइप

मंगळवार, 6 मे 2025
डोंबिवली पूर्व. तळमजला आणि वर चार मजले, इमारत तिशीतली. सेक्रेटरीबाईंचा फोन होता : "काका, चौथ्या मजल्यावर वास येतो, आणि शेजारी फ्लश केला की आजोबांचा कमोड बोलतो." 'बोलतो' हा शब्द ऐकला तेव्हाच गच्ची डोळ्यांसमोर आली. कमोड बोलायला लागला की सगळे खाली वाकून बघतात, पण पहिल्यांदा वर चढायचं असतं.

गच्चीवर गेल्या पावसाळ्याआधी पत्र्याची शेड बसवली आहे. गळती थांबली, सावली मिळाली, आता तिथे वाढदिवस आणि भिशी होते. पूर्वी गच्चीत उघड्यावर उभे असलेले व्हेंट पाइप मात्र शेडवाल्याच्या वाटेत आले. डाव्या डक्टमधून दोन पाइप वर येतात, एक संडासाचा, एक न्हाणीच्या सांडपाण्याचा. उजव्या डक्टमधूनही तसेच दोन. डावे दोन कंबरेएवढे कापून वर एंड कॅप ठोकली आहे. उजवे दोन पत्र्याच्या खाली हातभर कापून डोक्यावर काऊल बसवली आहे. म्हणजे डावे मुके आणि उजवे मंडपातच श्वास सोडणारे. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "डाव्या बाजूला जेवणाची टेबलं लागतात ना, वास यायचा, म्हणून बंद करायला सांगितले." बरोबरच आहे त्यांचं, वास यायचाच. पण बंद करण्याजोगी वस्तू ती नव्हती.

गुरुवार, 8 मे
मोजल्याशिवाय सोसायटी खर्च मंजूर करत नाही, म्हणून आज मोजणी. आजोबांचा 402, पलीकडे 401, दोघांचे संडास पाठीला पाठ लावून डाव्या डक्टवर. कमोडच्या वाकात साधारण 50 मिलिमीटर पाणी अडून राहतं. पाइपातली घाण हवा आणि घर यांच्यामध्ये एवढीच काय ती भिंत. कमोडच्या आत पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने खूण केली. 401 मध्ये लागोपाठ तीनदा फ्लश करायला लावला. पहिल्याच फ्लशला आजोबांच्या कमोडमध्ये गुडगुड झाली आणि पाणी हललं. तिसऱ्यानंतर पातळी खुणेच्या खाली 22 मिलिमीटर. राहिलं 28.

आजोबांना समजावून सांगितलं ते असं. उभ्या पाइपातून पाणी कडेकडेने खाली धावतं आणि मधली हवा सोबत ओढून नेतं, पाण्याच्या कित्येक पट हवा. तेवढी हवा वरून आत यायला हवी. वरचं तोंड बंद असेल तर पाइप हवा शोधतो आणि जवळात जवळ कमकुवत जागा म्हणजे तुमच्या कमोडचं पाणी. ते पाणी तो ओढतो आणि ओढताना घरातली हवा पाण्यातून बुडबुडे काढत आत जाते. ती गुडगुड. आजोबा रोज वापरतात तेव्हा पाणी पुन्हा भरतं, म्हणून वास अधूनमधून येतो. मुलाकडे आठवडाभर राहून आले की घर वासाने भरलेलं असतं. शेजारी मात्र तेवढे दिवस फ्लश करतच असतात.

आजोबा म्हणाले, "म्हणजे तो पाइप वास बाहेर टाकायला नाही, हवा आत घ्यायला आहे?" दोन्हीला. फ्लशच्या क्षणी आत घेतो, उरलेला वेळ टाकीतली आणि पाइपातली कोंडलेली हवा बाहेर सोडतो. म्हणून त्याचं तोंड असं ठेवावं लागतं की आत घ्यायला अडथळा नको आणि बाहेर सोडलेलं कुणाच्या नाकाशी जायला नको. उंची, काऊल, खिडकीपासूनचं अंतर, या तिन्ही कटकटी एवढ्याच एका कारणातून निघतात.

उजव्या बाजूला 403–404 मध्येही तीच परीक्षा घेतली. काऊल आहे, पण पाणी जवळजवळ जागचं हललं नाही. तिकडे संडास ठीक, गच्ची वासाची. डावीकडे उलट. एकाच इमारतीत दोन्ही चुका शेजारीशेजारी बघायला मिळाल्या.

शनिवार, 10 मे
टेप घेऊन गच्चीवर. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीत नळकामाचा जो नववा भाग आहे, त्यात व्हेंट पाइपाचं डोकं कुठपर्यंत न्यायचं ते स्वच्छ लिहिलं आहे. भारतीय मानक 1742 मध्येही तोच धागा. छपराची वळचण, सपाट छत किंवा गच्चीचा कठडा यांतलं जे उंच असेल त्याच्या 1.5 मीटर वर, किंवा आडव्या अंतराने 3 मीटरच्या आत एखादी खिडकी असेल तर तिच्या वरच्या कडेपासून 1.5 मीटर वर. हे कमीत कमी. जागेवरची परिस्थिती बघून वाढवा, असंही सोबत सांगितलं आहे. इंग्लंडच्या नियमात 3 मीटरचा पल्ला तोच, पण खिडकीच्या वर 900 मिलिमीटर पुरतात. आपल्या आकड्यात जास्तीचा जीव धरला आहे. खिडक्या वर्षभर उघड्या ठेवणाऱ्या माणसांसाठी तो धरायलाच हवा, असं माझं मत.

आता इथले आकडे. सगळी मापं गच्चीच्या लादीपासून. कठडा 1 मीटर, म्हणजे त्या हिशेबाने पाइप 2.5 मीटर. जिन्याच्या केबिनला लागून सोसायटीचं ऑफिस आहे, त्याच्या खिडकीची वरची कड 2.1 मीटरवर, आणि उजव्या डक्टचे पाइप तिथून 2.4 मीटरवर. तीन मीटरच्या आतच. म्हणून 3.6 मीटर. शेडची वळचण कडेला 2.4 मीटरवर, तिच्यावर 1.5 धरले की 3.9. जो मोठा तो घ्यायचा. सगळ्यांना 3.9 मीटर. शेड वळचणीकडून मध्याकडे चढत जाते. पाइप जिथून पत्रा भेदणार तिथे पत्रा 2.6 मीटरवर आहे. म्हणजे पत्र्याच्या वर 1.3 मीटर पाइप मोकळा उभा राहणार.

शेडवाल्याचा मिस्त्री आज सोबत होता. म्हणाला, "साहेब, पत्र्याच्या वर वीतभर काढला तरी वास वरच जाणार ना, गरम हवा वर जाते." वारा नसेल तर जाईलही. पण वारा कठड्याला किंवा छपराच्या कडेला धडकला की वरून उडी मारून पुढे जातो आणि त्याच्या मागे, छताला चिकटून, हवेचा भोवरा राहतो. त्या भोवऱ्यात पाइपाचं तोंड असलं की बाहेर पडलेली हवा तिथेच घुटमळते, मग भिंतीच्या निवाऱ्याच्या बाजूने खाली उतरते आणि थेट खिडकीत शिरते. मी त्याला एवढंच म्हटलं, पाइप भोवऱ्याच्या वर निघाला पाहिजे. आणखी एक सांगितलं, की कडेजवळच्या तोंडावर वाऱ्याचा दाब सारखा कमीजास्त होतो, सोसाट्याच्या वाऱ्यात तोही खालच्या कमोडमधलं पाणी डुचमळवतो. जूनमध्ये "पाऊस आला की कमोडमधलं पाणी हलतं" अशा तक्रारी येतात. त्यात भुताटकी नसते, पाइप छपराच्या काठावर असतो.

शेजारच्या भूखंडावर सात मजली नवी इमारत उठली आहे. संहिता म्हणते की शेजारची इमारत उंच असेल तर शक्य तिथे पाइप तिच्या छपराच्याही वर न्यावा. इथे शक्य नाही, तो विनोद होईल. पण तिची सर्वात जवळची खिडकी आपल्या पाइपांपासून साडेआठ मीटरवर आहे. तीन मीटरच्या पल्ल्यापासून पुष्कळ लांब. तिकडे दुर्लक्ष करायला हरकत नाही.

मंगळवार, 13 मे
कमिटीची बैठक. त्या वासाच्या ऑफिसमध्येच. मुद्दाम खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

खजिनदारांचा प्रस्ताव : पत्र्याला चार भोकं पाडण्यापेक्षा चारही पाइप पत्र्याखाली एकत्र जोडून एकच बाहेर काढा. भोकं जितकी जास्त तितकी गळती जास्त, हे त्यांचं म्हणणं खरं. पण मी नाही म्हटलं. न्हाणीच्या पाइपाला संडासाचा पाइप वरून जोडला की टाकीकडची हवा न्हाणीच्या पाइपात मोकळी फिरते. बंद फ्लॅटमध्ये नहाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं. या इमारतीत दोन फ्लॅट वर्षातले अनेक महिने बंद असतात. आज तिथून फक्त साबणाच्या पाण्याचा वास येईल, जोडल्यावर संडासाचा येईल. चार वेगळे पाइप, चार भोकं. भोकं नीट करायची जबाबदारी माझी.

दुसरा प्रस्ताव एका तरुण सदस्याचा. त्याने एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्हबद्दल ऐकलं होतं. पाइपाच्या डोक्यावर एक व्हॉल्व्ह बसतो, हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, मग पत्रा फोडायलाच नको. चांगली वस्तू आहे, आतल्या लांब फांदीवर मी वापरतो. पण इथे मागच्या अंगणात सेप्टिक टाकी आहे. तिच्यात सतत वायू तयार होतो, त्याला कुठून तरी बाहेर पडायची वाट हवी. सगळीकडे एकतर्फी व्हॉल्व्ह बसवले की ती वाट शेवटी तळमजल्याच्या कमोडमधून निघेल. शिवाय पाणी तळाशी आदळतं तिथे दाब वाढतो, तो दाब हा व्हॉल्व्ह सोडवत नाही. एखादा तरी पाइप उघडा असलाच पाहिजे, आणि इथे वर उघडायला जागा आहे तर सगळेच उघडे ठेवूया. पटलं त्याला.

गुरुवार, 15 मे
काऊल घ्यायला दुकानात. दुकानदार 'व्हेंट काऊल 110' म्हटलं की पहिलं हाताशी येईल ते देतो. दोन नमुने घेऊन काउंटरवरच फूटपट्टी लावली.

पाइप 110 मिलिमीटरचा, जाड प्रकारातला. आतला व्यास 103.6 मिलिमीटर, म्हणजे आतली मोकळी जागा 84 चौरस सेंटिमीटर. काऊलच्या सगळ्या फटी मिळून निदान एवढी जागा मोकळी हवी. नाहीतर पाइपाच्या नाकावर आपणच रुमाल बांधल्यासारखं होतं. पहिल्या काऊलला 24 फटी, प्रत्येक 6 मिलिमीटर रुंद आणि 40 लांब. म्हणजे 57.6 चौरस सेंटिमीटर. नको. दुसरीला 36 फटी, 8 बाय 40 च्या. 115 चौरस सेंटिमीटर. हीच घेतली, भाव थोडा जास्त. दिसायला दोन्ही सारख्याच टोप्या, फरक फटी मोजल्यावरच कळतो.

दुकानदाराने पत्र्याची फिरती गोल टर्बाइनही दाखवली, "हवा खेचते". गोदामाच्या छपरावर ती ठीक. फ्लशच्या वेळी हवा आत यायला हवी तिथे बाहेर खेचणारं काही नको, आणि दोन पावसाळ्यांत तिचं बेअरिंग धरलं की तीच टोपी अडथळा होते.

डासांचा प्रश्न राहतो. सेप्टिक टाकीत क्युलेक्स डास वाढतात आणि व्हेंटमधून वर येतात, त्यामुळे संडासाच्या दोन पाइपांना जाळी हवीच. इथे प्लंबर हमखास एक करतात : जाळीचा चौकोन तोंडावर सपाट ताणतात आणि वरून काऊल दाबतात. डासाच्या जाळीत तारांनी बरीच जागा खाल्लेली असते. साठ टक्के मोकळी धरली तरी 84 चे 50 होतात, आणि धूळ व कोळ्याचं जाळं बसलं की आणखी कमी. त्याऐवजी जाळीची टोपली करायची, पाइपाच्या व्यासाची आणि 100 मिलिमीटर उंच. तिच्या अंगाचं क्षेत्र 345 चौरस सेंटिमीटर, त्याच्या साठ टक्के 207. अर्धी बुजली तरी पुरते. स्टीलची जाळी घेतली, नायलॉनची उन्हात कुरकुरीत होते. न्हाणीचे दोन पाइप टाकीला जोडलेले नाहीत, ते गल्ली ट्रॅपमध्ये पडतात. त्यांना नुसती रुंद फटीची काऊल पुरे.

रविवार, 18 मे
काम. सगळ्यांना सुट्टी, म्हणून आज. चौथ्या मजल्याला दुपारपर्यंत संडास न वापरण्याची विनंती केली होती. तिघांनी पाळली.

एंड कॅप कापली तेव्हा डाव्या पाइपातून जो उसासा निघाला, तो सेक्रेटरीबाईंनी प्रत्यक्ष ऐकला. त्यानंतर खर्चाबद्दल एक प्रश्न आला नाही.

पत्र्याला भोक पाडताना मिस्त्रीशी वाद झाला. त्याला पन्हळीच्या खोलगट भागात भोक सोपं पडत होतं. मी उंचवट्यावर पाडायला लावलं. खोलगट भागातून पाणी वाहतं, ते भोकाच्या कडेला थबकतं आणि मग कितीही एम-सील लावा, ते शोधतंच. भोक पाइपापेक्षा जरा मोठं ठेवलं. प्लास्टिकचा पाइप उन्हात लांबतो, मीटरमागे आणि अंशामागे साधारण 0.06 मिलिमीटर. चार मीटरला तीस अंशांचा फरक पडला तर सात मिलिमीटर. पाइप पत्र्याला घट्ट चिकटवला तर पहिल्या मे महिन्यातच सांधा फाटतो. म्हणून पाइपाभोवती रबराचा बूट, त्याची खालची झालर पत्र्याच्या नक्षीत दाबून बसवली, वरची कड क्लॅम्पने. पाइप त्याच्यातून सरकू शकतो.

वरचा 1.3 मीटर पाइप वाऱ्यात डोलायला नको म्हणून शेडच्या कैचीवरून लोखंडी अँगल वर काढून दोन क्लॅम्प. क्लॅम्पही गच्च आवळायचे नाहीत, तोच लांबण्याचा हिशेब. बाहेरच्या भागाला पांढरा रंग दिला, उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होऊ नये म्हणून. उजव्या डक्टचा एक पाइप कैचीच्या नेमका खाली येत होता, त्याला थोडं बाजूला न्यावं लागलं. तिथे 45 अंशांचे दोन बेंड वापरले. काटकोनी एल्बो वापरून आडवा तुकडा ठेवला असता तर काऊलमधून पडलेलं पावसाचं पाणी आणि आतला दमटपणा तिथे साचून राहिला असता. वाकवलेला भागही उतरता हवा, पाणी परत खालीच गेलं पाहिजे.

शेवटी तपासणी. मिस्त्री अगरबत्ती घेऊन आला, धूर कुठे जातो बघू म्हणाला. सेप्टिक टाकीच्या व्हेंटपाशी पेटती वस्तू नेऊ नये, टाकीत मिथेन असतो. सेक्रेटरीबाईंनी शिवणाच्या डब्यातला रेशमी धागा दिला. तो काडीला बांधून काऊलच्या फटीपाशी धरला. 401 मध्ये फ्लश झाला तसा धागा फटीत ओढला गेला, चिकटून राहिला, मग हळूच सुटून बाहेर झुलू लागला. चारही पाइपांवर हेच. आजोबांच्या कमोडमधली पातळी तीन फ्लशनंतर खुणेच्या खाली 3 मिलिमीटर. इतकं चालतं.

मंगळवार, 27 मे
पाऊस यंदा मेमध्येच आला, काल मुंबईत मान्सून जाहीरही झाला. पत्र्याखाली जाऊन चारही बूट पाहिले. तीन कोरडे. चौथ्याच्या कडेने एक ओघळ. झालर पन्हळीच्या बाजूला नीट दाबली गेली नव्हती, सीलंट आणि दोन स्क्रू वाढवून थांबला. खजिनदार सोबत होते. "चारातला एक," एवढंच म्हणाले, पण ओठ मुडपून.

ऑफिसमध्ये खिडकी उघडून पंधरा मिनिटं बसलो. वास नाही. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे उजव्या पाइपांकडून खिडकीकडेच. या बाजूच्या वाऱ्यात येत नाही म्हटल्यावर 3.9 मीटरचा प्रश्न मिटला.

मंगळवार, 3 जून
तळमजल्याच्या काकू भेटल्या. त्यांची तक्रार वेगळीच, मागच्या खिडकीतून संध्याकाळी वास. अंगणात गेलो. टाकीचा स्वतःचा व्हेंट, 50 मिलिमीटरचा, भिंतीला टेकून उभा, डोकं बरोबर त्यांच्या खिडकीच्या पातळीवर. सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक 2470 आहे. त्यात म्हटलं आहे की टाकी इमारतीपासून 15 मीटरपेक्षा लांब असेल तर सुमारे 2 मीटर उंच पाइप चालतो, जवळ असेल तर तो इमारतीच्या माथ्याच्या 2 मीटर वर न्यायचा. ही टाकी भिंतीपासून चार मीटरवरही नाही. ज्याने तो पाइप उभा केला त्याने नियमाचा पहिला अर्धाच वाचला होता.

आता पाच मजल्यांएवढा पाइप भिंतीवरून चढवायचा, मजल्यामजल्याला क्लॅम्प, वर शेडच्या वळचणीच्या बाहेरून नेऊन माथ्याच्या 2 मीटर वर, तीच जाळीची टोपली. भिंतीच्या खिडक्यांना वळसा घालून जागा शोधली, दोन स्वयंपाकघरांच्या मधली पट्टी मोकळी आहे. पावसात परांची बांधणार नाही. तोवर टाकीच्या झाकणांच्या फटी सिमेंटने बंद करायला सांगितल्या आणि त्या छोट्या पाइपाला 90 अंशांचं एल्बो लावून तोंड काकूंच्या खिडकीपासून कंपाउंडकडे फिरवलं. तात्पुरतं आहे, वाऱ्याची दिशा फिरली की वास परत येईल, हे काकूंना स्पष्ट सांगून ठेवलं. सप्टेंबरच्या कामांच्या यादीत हा पाइप पहिला, आणि त्याच वेळी वरच्या चारही काऊल उतरवून धुवायच्या. पत्र्यावर आता चिमण्यांची ये-जा सुरू झाली आहे, फटींत काड्या भरायला त्यांना फार दिवस लागणार नाहीत.